लीड्सच्या नोकरीचे स्वीकृतिपत्र

मिरज, 12 मार्च 2024

माननीय महोदया,
स. न. वि. वि.

लीड्स येथील आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागातील परिचारिकेच्या पदासाठी आपण 5 मार्चला पाठवलेला प्रस्ताव मी आनंदाने स्वीकारते. आठवड्याला साडेसदतीस तास काम, ऑस्की उत्तीर्ण होईपर्यंत बँड 4 आणि एनएमसी नोंदणीनंतर बँड 5 चे वेतन, या अटी मला मान्य आहेत. सही केलेला करार सोबत जोडला आहे.

इथे महिनाभराची नोटीस द्यावी लागेल. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला वॉर्ड नीट समजावूनच मी निघेन, अर्धवट सोडून येणार नाही. स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र हाती पडताच व्हिसाचा अर्ज करते.

माझ्यावर विश्वास टाकलात, मनापासून आभार.

आपली विश्वासू,
सुनीता

रोहन, याचं इंग्रजी करताना 'स. न. वि. वि.' गाळ. 'डिअर मॅडम'ने सुरुवात, शेवटी 'युअर्स फेथफुली'. 'आनंदाने स्वीकारते'ला 'आय ॲम प्लीज्ड टू ॲक्सेप्ट' घाल. 'मुलीला'च्या जागी 'कलीग' लिही. 'अर्धवट सोडून येणार नाही' हे मात्र गाळू नकोस, त्यांना ते कळायला हवं. तारखा आणि बँडचे आकडे करारासमोर धरून तपास.
– मावशी