शॉपच्या भिंतींवरच्या पाट्या: पेंटरसाठी मजकूर

शिरोली एमआयडीसी, फौंड्री आणि मशीन शॉप. ४ मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू होतो, त्याआधी रंग वाळला पाहिजे.

पेंटरभाऊ, जुनी ‘सुरक्षा प्रथम’ची पाटी पुसून टाका. नऊ वर्षं तिच्याखाली डबा खाल्ला, पण ती वाचताना कुणी दिसला नाही. ‘कामगारांनी सूचनांचे पालन करावे’ हीसुद्धा पुसा. कमिटीत ठरलंय की आपण आपसात बोलतो तसंच लिहायचं, अरे-तुरे चालेल. ज्या हाताला जे सांगायचं ते त्या हाताच्या समोरच लिहायचं. अक्षर वीतभर उंच ठेवा, एका पाटीवर तीनच्या वर ओळी नकोत.

मेन गेट, पंचिंगच्या वर

कोल्हापुरी चप्पल दारात,
सेफ्टी शूज पायात.

हेल्मेट खुंटीला,
डोकं धोक्याला.

आणि आतल्या बाजूनं, घरी जाताना दिसेल अशी:

घड्याळ बघ, बोटं मोज.
दहाच्या दहा, रोज.

भट्टी

इथं जागा भरपूर आहे आणि धोकाही, म्हणून पाट्या जास्त. पहिली चार्जिंगच्या भंगाराच्या ढिगावर, सगळ्यात मोठी:

ओलं भंगार,
उडेल अंगार.

पावसाळ्यात भंगार उघड्यावर भिजतं आणि वरून कोरडं दिसतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा मागते. वितळलेल्या लोखंडाखाली तिला जागा मिळत नाही, मग ती मेटलच उचलून फेकते. हे नव्या पोराला समजावत बसायला भट्टीवर वेळ नसतो. त्याला एवढं बास:

थेंबभर पाणी,
भट्टीत आणीबाणी.

बंद पाइप, बंद डबा,
भट्टीआधी फोड, बाबा.

लॅडल ठेवतो त्या खांबावर (लॅडल तापवल्याशिवाय मेटल घ्यायचं नाही, अस्तर ओलं असलं तर नाहीच नाही):

लॅडल थंड,
मेटलचं बंड.

ओतकामाच्या रस्त्यावर. ही पोरांनी स्वतः सुचवली, डबा खाताना:

तांबडा रस्सा वाटीत,
तांबडं मेटल पेटीत,
पाय नको वाटेत.

आणि कपड्यांसाठी दोन. पँट बुटात खोचली की बुटाचं तोंड नरसाळं होतं, हे ज्याच्या बुटात एकदा थेंब गेला तो विसरत नाही. मी विसरलेलो नाही. तेव्हा दुसऱ्या एका फौंड्रीत होतो. बूट काढायला दोघं लागले, मोजा कातडीसकट आला. मोजा नायलॉनचा होता.

पँट बुटावर, मेटल जमिनीवर.
पँट बुटात, मेटल पायात.

भट्टीशी कुस्ती,
कापड सुती.

कडेला नळ आहे, तिथं:

भाजलं? नळाखाली धर,
वीस मिनिटं धीर धर.
हळद भाजीला, पेस्ट दाताला.

त्याच्याच खाली लाल रंगात: १०८ आधी, साहेब नंतर. साहेबांनी वाचून मान डोलावली, त्यामुळे राहू द्या.

फेटलिंग

चष्मा कपाळाला,
ठिणगी बुबुळाला.

गार्ड काढला,
वॉर्ड गाठला.

दगड बदलतात त्या टेबलावर पाटी छोटी पण डोळ्यांसमोर. टिचकी मारून ऐकायची सवय जुन्या मिस्त्रींना होती, नवे पोरं सरळ नट आवळतात. चीर गेलेला दगड आवाजावरून कळतो:

दगड वाजवून बघ.
टण्ण म्हणाला, चढव.
थप्प म्हणाला, उतरव.

नवा दगड सुरू केला,
पहिलं मिनिट बाजूला.

नॉकआउट आणि वाळू

जी धूळ डोळ्यांना दिसते ती झाडता येते. छाती खाणारी सिलिका दिसतच नाही, आणि रुमालातून ती आरामात जाते. त्यामुळे:

रुमाल नाकाला,
धूळ फुफ्फुसाला.

कोरडं झाडलं,
छातीत साठलं.

पेंटरभाऊ, दुसरी पाटी फक्त नॉकआउटला. तिचा अर्थ पाणी शिंपडून झाडा असा आहे, भट्टीजवळ लावली तर उलटाच घात होईल.

सँड मिक्सरच्या पॅनेलवर दोन. साफसफाईला माणूस आत आणि पलीकडून कुणीतरी ‘बंद का आहे रे’ म्हणत स्विच टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, काम अडलंय एवढंच त्याला दिसतं. म्हणून ज्याचा जीव आत, कुलूपही त्याचंच:

माझं कुलूप, माझी चावी.
मी निघेपर्यंत मशीन बंद राहावी.

आधी आत हाक,
मग स्विच टाक.

मशीन शॉप

इथं हातमोज्यावरून रोज वाद होतो. भट्टीवरून बदली होऊन आलेला माणूस मोजे घालूनच ड्रिलवर उभा राहतो आणि वर ‘सेफ्टी पाळतोय की’ म्हणतो. फिरत्या चकानं मोज्याचं टोक धरलं तर आतला हात सोडत नाही. ही पाटी दोन्ही शॉपच्या मधल्या दारावर, दोन्ही बाजूंनी:

भट्टीवर हातमोजा राजा,
लेथवर हातमोजा सजा.

बाकीच्या लेथच्या रांगेत:

बाही सैल,
हात जाईल.

चिप्स आकड्यानं ओढ,
हातानं ओढणं सोड.

गुलाल जोतिबाचा.
लाल रंग तेवढा पुरे.

शेवटच्यात यमक नाही, पण चैत्री यात्रेला चालत जाणारे निम्मे लोक इथलेच आहेत, त्यांना लागते ती.

हवेच्या नळीजवळ, घरी जाताना सगळे अंग झाडतात तिथंच:

हवेनं अंग झाडू नको,
जिवाशी खेळ मांडू नको.

क्रेन, फोर्कलिफ्ट, गॅस

हुक डोक्यावर,
यम उंबऱ्यावर.

हॉर्न वाजला,
पाय थांबला.

ऑक्सिजनच्या सिलिंडरांवर, वेल्डरांच्या खास आग्रहाखातर:

कॉकला तेलकट हात?
मग जाळ अन् धूर संगटच!

तिसरी पाळी

पंख्याच्या भिंतीवर एकच, पांढऱ्यावर काळी, रात्रीच्या उजेडात वाचता येईल अशी:

डोळा मिटतोय?
आधी मशीन मिटव.

चहाचा खर्च कमिटीनं मान्य करून घेतलाय, त्यामुळे मशीन मिटवणाऱ्याला कुणी झापायचं नाही. ही अट पाटीवर नको, सुपरवायझरच्या केबिनमध्ये आतल्या बाजूनं लिहा. तिथं आणखी एक, त्याच्या खुर्चीसमोर:

टनेज उद्या भरेल.
बोट उद्या उगवेल?

पेंटरसाठी उरलेलं

आपल्याकडं बिहार-ओडिशाची पोरंही बरीच आहेत. प्रत्येक पाटीशेजारी हात, बूट, चष्मा, जे असेल त्याचं चित्र काढा. भट्टीच्या पाट्यांखाली हिंदी ओळ बारीक अक्षरात येईल, ती त्यांच्यातलाच एकजण लिहून देणार आहे. यमक तो त्याचं जुळवेल, आपल्या ओळीचं भाषांतर करू नका. भट्टीकडच्या पाट्या पत्र्यावर रंगवून वर टांगा, भिंतीवर धूर बसून सहा महिन्यांत काळ्या होतात.

राहिली एक. ती मुतारीच्या भिंतीवर, नजरेच्या उंचीला. तिथं माणूस अर्धा मिनिट उभा असतो आणि बघायला दुसरं काही नसतं:

आज थोडक्यात वाचलास? सांग.
उद्या दुसऱ्याची रांग.

खाली डाव्या कोपऱ्यात खिळा ठोकून वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. नाव लिहायची सक्ती नाही. पेन मात्र जाडं बघा, मागचं दोन दिवसांत गायब झालं.