सेल इंज्युरी, नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिस: धुळ्याच्या होस्टेलवरून ज्युनियरांसाठी टिपण

पोरापोरींनो, फर्स्ट टर्मिनलला मी नेक्रोसिस-अपॉप्टोसिसचे दहा फरक घोकून तक्त्यात उतरवले होते. कारण मात्र एकाचंही लिहिलं नव्हतं, त्यामुळे मार्क निम्मेच पडले. तुम्ही एकच प्रश्न धरून चला: पेशीचं मेम्ब्रेन फुटलं का? बाकीचं उत्तर त्याच्या मागोमाग येतं.

रिव्हर्सिबल इंज्युरी. रक्तपुरवठा तुटला की एटीपी घसरतो आणि सोडियम पंप मंदावतो. सोडियमसोबत पाणी आत शिरतं, पेशी फुगते. ईआर फुगतं, रायबोसोम सुटतात, मेम्ब्रेनवर ब्लेब येतात. लिव्हरमध्ये फॅटी चेंजही दिसतो. इथपर्यंत पेशी सावरू शकते. कारणं लिहिताना नुसती यादी देऊ नका, प्रत्येकाला आपल्याकडचं उदाहरण जोडा: भुसावळचा मे महिन्यातला उष्माघात फिजिकल, दारू किंवा पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस केमिकल, टीबी इन्फेक्शन आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातला सिकल सेल जेनेटिक.

इर्रिव्हर्सिबल इंज्युरी. मायटोकॉन्ड्रिया पुन्हा चालू होत नाहीत आणि मेम्ब्रेन फुटतं. हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिन रक्तात सापडतं ते याच फुटीतून. हे एक वाक्य उत्तरात असलं की तपासणाऱ्याला कळतं, पोराला समजलंय. आरएनए गेल्यामुळे आणि प्रोटीन डिनेचर झाल्यामुळे सायटोप्लाझम जास्त गुलाबी दिसतो. न्यूक्लियस आकसून गडद होतो (पिक्नोसिस), त्याचे तुकडे होतात (कॅरिओर्‍हेक्सिस) किंवा तो फिका पडत विरघळतो (कॅरिओलिसिस).

नेक्रोसिसचे प्रकार. केस अशी समजा: धडगावचा 16 वर्षांचा सिकल सेलचा मुलगा, डाव्या बरगडीखाली अचानक कळ. स्प्लीनमध्ये इन्फार्क्ट, म्हणजे कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस. प्रोटीनसोबत एन्झाइमही डिनेचर होतात, म्हणून पेशी लगेच विरघळत नाही. प्रॅक्टिकलला किडनी इन्फार्क्टची स्लाइड नीट बघा. ग्लोमेरुलस, ट्यूब्यूल सगळं जागच्या जागी, फक्त न्यूक्लियस नाहीत. माणसं उठून गेलेल्या वाड्यासारखं. मेंदू सोडून जवळजवळ सगळ्या अवयवांच्या इस्केमियात हेच होतं.

मेंदूच्या इन्फार्क्टमध्ये लिक्विफॅक्टिव्ह नेक्रोसिस होतो: ऊती पातळ होते आणि शेवटी पोकळी राहते. बॅक्टेरियाच्या ॲबसेसमध्येही हाच प्रकार, तिथे न्यूट्रोफिलची एन्झाइम ऊती विरघळवतात आणि पू होतो.

केसियस म्हटलं की टीबी. मानेची गाठ कापली तर आत चुरलेल्या पनीरासारखा पांढुरका भुगा निघतो. मायक्रोस्कोपखाली आराखडा पुसलेला, दाणेदार गुलाबी भाग दिसतो आणि भोवती एपिथेलिऑइड पेशी, लँगहान्स जायंट सेल व लिम्फोसाइट असतात. हे चित्र काढाच.

फॅट नेक्रोसिस ॲक्यूट पँक्रियाटायटिसमध्ये होतो. लायपेजने सुटलेली फॅटी ॲसिड कॅल्शियमशी जुळून खडूसारखे पांढरे ठिपके पडतात, यालाच सॅपोनिफिकेशन म्हणतात. फिब्रिनॉइड नेक्रोसिसमध्ये व्हेसलच्या भिंतीत इम्यून कॉम्प्लेक्स आणि झिरपलेलं फिब्रिन साचून चटक गुलाबी थर दिसतो. गँग्रीन हा खरं तर वेगळा प्रकार नाही. डायबेटिसच्या पायाचा काळा अंगठा मुळात कोॲग्युलेटिव्हच. इन्फेक्शन पडलं की त्यावर लिक्विफॅक्टिव्ह चढतो आणि ते वेट गँग्रीन होतं.

अपॉप्टोसिस. हे नाव 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानं गळणं. उन्हाळ्याच्या तोंडाला सातपुड्यातला साग बघा: पानं गळतात, झाड उभंच. तशी इथे एकटी-दुकटी पेशी जाते आणि शेजारणीला पत्ताही लागत नाही. मेम्ब्रेन शाबूत राहतं, म्हणून आतलं काही बाहेर सांडत नाही, म्हणूनच इन्फ्लमेशन नाही. पेशी फुगत नाही, आकसते. क्रोमॅटिन न्यूक्लियसच्या कडेला गोळा होतं, अपॉप्टॉटिक बॉडी सुटतात. फॉस्फॅटिडिलसेरिन मेम्ब्रेनच्या बाहेरच्या बाजूला येतं आणि मॅक्रोफेज त्यांना गिळतात. डीएनए ठरावीक अंतरावर कापला जातो, म्हणून जेलवर शिडी दिसते. नेक्रोसिसमध्ये नुसता स्मिअर.

कारणं दोन्हीकडची लिहा. फिजिऑलॉजिकल: गर्भात बोटांमधला पडदा जाणं, पाळीच्या वेळचं एन्डोमेट्रियम. पॅथॉलॉजिकल: रेडिएशन, केमोथेरपी, व्हायरल हेपॅटायटिस. नेक्रोसिस मात्र जवळजवळ नेहमी पॅथॉलॉजिकलच.

पाथवे थोडक्यात: इन्ट्रिन्सिकमध्ये बॅक्स-बॅकमुळे सायटोक्रोम सी गळतं आणि कॅस्पेज 9 जागं होतं. एक्स्ट्रिन्सिकमध्ये फास रिसेप्टरपासून कॅस्पेज 8. दोन्ही शेवटी कॅस्पेज 3 वर येतात. हा फ्लोचार्ट पानाच्या उजव्या अर्ध्यात काढा. डाव्या अर्ध्यात दोन पेशी शेजारी-शेजारी, एक फुगून फुटलेली आणि भोवती न्यूट्रोफिल, दुसरी आकसलेली आणि शेजारी मॅक्रोफेज. पेन्सिल टोकदार ठेवा, लेबलं एकाच बाजूला.