आक्षेप घेतल्यानंतर काय? महाभारतातले तीन पेच
(बारावी कला, दोन चर्चा-तासिकांसाठी)

हे टिपण घरून वाचून यायचं आहे. वर्गात गोष्ट पुन्हा सांगितली जाणार नाही, थेट वाद सुरू होईल. अहिराणीत बोललात तरी चालेल, मुद्दा मात्र हवा.

आधी दोन अटी. टीव्ही मालिकेतलं महाभारत घरी ठेवून या. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदी ते बोलत नाही. दुसरी अट : पात्राला त्या क्षणी जे माहीत होतं, तेवढ्यावरच निर्णय तपासायचा. ‘शेवटी पांडव जिंकलेच ना’ हे उत्तर बाद.

तिन्ही पेचांत कुणीतरी ‘हे चूक आहे’ असं म्हणतं. तिथे टाळ्या वाजवून आपण पुढे जातो. यावेळी तसं करायचं नाही. असं म्हणणारा माणूस नंतर काय करतो, तेवढंच बघायचं आहे.

पेच पहिला : एकचक्रा

आपलं एरंडोल म्हणजेच जुनी एकचक्रा, आणि भीम-बकासुराची लढाई पद्मालयाजवळ झाली, असं आपल्याकडे मानतात. देशात इतर गावंही हाच दावा करतात. त्या वादात आपण पडणार नाही.

पांडव ब्राह्मणाच्या वेशात एका घरी आश्रयाला आहेत. गावाने बकासुराशी ठराव केलाय : पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस द्यायचा. यजमानाची पाळी येते. घरात जे होतं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. बाप म्हणतो, मी जातो. आई म्हणते, मी गेले तर तुम्ही दुसरं लग्न कराल, पण तुम्ही गेलात तर मी मुलांना सांभाळू शकणार नाही. म्हणून मीच जाते. मुलगी म्हणते, मला तुम्ही कधीतरी परक्या घरी देणारच आहात, आजच द्या. धाकटा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, मी हिनेच राक्षसाला मारतो.

हे सगळं ऐकून कुंती भीमाला पाठवायचं ठरवते. पाहुण्याचा जीव घेण्याचं पाप नको म्हणून यजमान नकार देतो. युधिष्ठिर तर आईवर चिडतोच : ज्याच्या बाहूंवर आपण सगळे झोपतो, त्यालाच पाठवतेस? दुःखाने तुझी बुद्धी गेली का? कुंतीचं उत्तर दुहेरी आहे. या घराचे उपकार फेडायचे आहेत, आणि हिडिंबाला मारणारा भीम हरणार नाही याची तिला खात्री आहे. युधिष्ठिर पटल्याचं सांगतो.

इथवर सोपं आहे. आता काही पानं मागे जा. लाक्षागृहातून निसटण्याच्या रात्री कुंतीने अन्नदान केलं होतं. त्यात एक निषाद स्त्री पाच मुलांसह आली, दारू पिऊन तिथेच झोपली. त्या रात्री भीमाने घराला आग लावली. सकाळी सहा देह सापडले आणि पांडव मेले असं हस्तिनापूरला वाटलं. पांडव वाचले ते या सहा देहांमुळे. त्या बाईचं नाव महाभारत सांगत नाही. तिच्यासाठी त्या रात्री कुणी ‘थांबा’ म्हटल्याचीही नोंद नाही.

प्रश्न
१. विजयाची खात्री असताना मुलाला पाठवणं हा त्याग आहे का? खात्री नसती तर कुंतीने तेच करायला हवं होतं का?
२. युधिष्ठिराला भावासाठी आक्षेप सुचला. लाक्षागृहात का सुचला नसेल? ‘घाई होती’ हे उत्तर पुरेसं वाटत असेल तर ते पटवून द्या. आपल्या वर्गात सातपुड्यातून आलेली मुलं आहेत. हा प्रश्न त्यांच्यासमोर बोलता येईल अशा भाषेतच मांडा.

पेच दुसरा : विकर्ण आणि युयुत्सू

द्यूतसभा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. द्रौपदी निरोप्याकरवी विचारते : राजाने आधी स्वतःला हरलं की मला? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. बाकी सभा गप्प. (माझ्या मते भीष्मांचं उत्तर विद्वत्तेचं असलं तरी ती पळवाट आहे. तुम्हाला तसं वाटलंच पाहिजे असं नाही.)

उठतो तो विकर्ण, धृतराष्ट्राचा धाकट्यांपैकी एक मुलगा. त्याचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा आहे : व्यसनाच्या भरात केलेला व्यवहार ग्राह्य नाही, द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची नाही, तो स्वतःला आधीच हरला होता, आणि तिचं नाव शकुनीने सुचवलं. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प बसवतो.

युद्धात विकर्ण दुर्योधनाच्या बाजूने लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. भीमाला त्याचं वाईट वाटतं, पण त्याची प्रतिज्ञा सगळ्या भावांना मारण्याची आहे.

आता युयुत्सू. हाही धृतराष्ट्राचाच मुलगा, वैश्य स्त्रीपासून झालेला. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून, कुणाला आमच्याकडे यायचंय का, असं विचारतो. युयुत्सू सगळ्यांदेखत पलीकडे जातो. तो वाचतो, आणि पांडव शेवटच्या प्रवासाला निघतात तेव्हा राज्याची देखरेख त्याच्याकडे येते.

प्रश्न
३. विकर्ण बोलला पण घर सोडलं नाही. युयुत्सूने घर सोडलं. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवाल? ‘दोघेही आपापल्या जागी बरोबर’ असं लिहिणाऱ्याला गुण नाहीत.
४. गावच्या विकास सोसायटीचा एक संचालक बैठकीत म्हणतो की, अमुक तिघांचं कर्ज नियमाबाहेर मंजूर होतंय. बाकीचे हसतात. ठराव मंजूर होतो. कागद त्याच्यासमोर सहीसाठी येतो आणि त्याचा सख्खा भाऊ अध्यक्ष आहे. सही, विरोधाची लेखी नोंद, राजीनामा, तक्रार : प्रत्येक वाटेवर कुणाचं काय जातं ते लिहा. गावातल्या खऱ्या माणसांची नावं घेऊ नका.

पेच तिसरा : कृपाचार्य

दिवाळीच्या सुमारास सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. तिथला अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा असं लोक मानतात. तुमच्यापैकी काही जण तो डोंगर चढून आला असाल. श्रद्धेचा भाग तुमचा, इथे फक्त सौप्तिक पर्वातली रात्र.

वडील कपटाने मारले गेले, दुर्योधन मरणाला टेकला. वडाखाली अश्वत्थाम्याला एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना दिसतं, आणि झोपलेल्या छावणीवर हल्ला करायचं तो ठरवतो. मामा कृपाचार्य अडवतात : झोपलेल्याला मारणं धर्म नाही, धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना आधी विचारू. भाचा म्हणतो, धर्माचा बांध त्यांनीच आधी फोडला.

तो निघतो. आणि कृपाचार्य त्याच्या मागोमाग जातात. छावणीच्या दाराशी कृतवर्म्यासोबत उभे राहून, जीव घेऊन पळणाऱ्यांना मारतात.

अश्वत्थाम्याला शाप मिळाला, मणी गेला, तीन हजार वर्षांची भटकंती वाट्याला आली. कृपाचार्यांना मात्र युधिष्ठिराने पुढे परीक्षिताचे गुरू नेमलं. मला हे महाभारतातलं सर्वांत अवघड वाक्य वाटतं, आणि ते इतक्या सहज येतं की वाचताना निसटून जातं.

प्रश्न
५. ‘त्यांनी आधी केलं’ या युक्तिवादात तथ्य किती? द्रोणांचा वध न लपवता उत्तर द्या.
६. आधी विरोध करून नंतर सामील झालेला माणूस, विरोध न करता सामील झालेल्यापेक्षा कमी दोषी की जास्त?
७. तुम्ही परीक्षिताची आई उत्तरा आहात. याच रात्रीनंतर अश्वत्थाम्याने अस्त्र तुमच्या गर्भावर सोडलं होतं. मुलासाठी कृपाचार्यांची नेमणूक झाल्याचं तुम्हाला कळतं. युधिष्ठिराला दीड पानाचं पत्र लिहा. त्यात मागणी एकच आणि स्पष्ट असावी.

सातवा प्रश्न सगळ्यांना सक्तीचा, बाकीच्यांतले कोणतेही तीन. वही सोमवारी पहिल्या तासाला टेबलावर ठेवायची.