रेफरल मिळेल का? रेझ्युमे सोबत जोडलाय

हाय ताई, कशी आहेस? बऱ्याच दिवसांनी मेसेज करतोय, आणि थेट कामाचंच विचारतोय. तुमच्या कंपनीच्या साइटवर बॅकएंड डेव्हलपरची ओपनिंग दिसली, जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, सगळं मी गेली 4 वर्षं रोज करतोय तेच. मला रेफर करशील का?

आपण दोघांनी ती ऑर्डर लिस्टची स्लो क्वेरी रात्री बसून शोधली होती, प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी क्वेरी जात होती आणि तू म्हणालीस आधी लॉग बघ मग कोडला हात लाव, ते अजून तसंच करतो. त्यानंतर पेमेंट सर्व्हिस मी एकट्याने सांभाळली, रेझ्युमेत पहिल्याच पानावर आहे. क्युबरनेटीस मात्र जेमतेमच येतं, ते आधीच सांगतो.

`resume_backend.pdf` जोडलाय, जॉब लिंक खाली टाकतो, नोटीस पिरियड 30 दिवस. अजून अप्लाय केलेलं नाही, कारण आधी अप्लाय केलं की रेफरल धरत नाहीत बऱ्याच ठिकाणी. माझं काम तू जवळून पाहिलंयस, म्हणून तुलाच विचारलं. जमत नसेल तर बिनधास्त सांग, मला अजिबात वाईट वाटणार नाही.