सुधारित पाळीपत्रक आणि सणासुदीच्या काळातील रजेचे नियम

कार्यालयीन परिपत्रक
जा. क्र. प्रशा/पाळी/2025/114
दिनांक : 25 जुलै 2025
प्रति : दूध प्रक्रिया केंद्र, कराड येथील सर्व कायम, हंगामी व कंत्राटी कर्मचारी
विषय : दि. 18 ऑगस्ट 2025 पासून लागू होणाऱ्या पाळ्यांच्या नव्या वेळा आणि गणेशोत्सव ते दिवाळी या काळातील रजेची पद्धत

सप्रेम नमस्कार.

केंद्रातील पाळ्यांच्या वेळा आणि सणांच्या दिवसांतील रजा यांबाबत गेल्या दोन महिन्यांत कामगार संघटनेचे प्रतिनिधी, विभागप्रमुख आणि व्यवस्थापन यांच्या बैठका झाल्या. त्यांत ठरलेल्या गोष्टी या परिपत्रकाद्वारे सर्वांना कळविण्यात येत आहेत. कामाच्या वेळांमधील बदलाची पूर्वसूचना औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 9-अ नुसार 21 दिवस आधी देणे आवश्यक असल्याने नव्या वेळा लगेच लागू न करता सोमवार, दि. 18 ऑगस्टपासून लागू होतील. विहित नमुन्यातील नोटीस मुख्य फलकावर स्वतंत्रपणे लावली आहे.

आतापर्यंत पाळ्या सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 11 वाजता बदलत असत. गावोगावच्या संध्याकाळच्या संकलनाचे टँकर शीतकरण केंद्रांवरून साधारण रात्री साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान आपल्या आवारात येतात, म्हणजे नेमकी पाळी बदलण्याच्या वेळी. एक टँकर आरएमआरडी डॉकवर लागलेला, त्याचा नमुना प्रयोगशाळेत गेलेला, फॅट आणि एसएनएफची नोंद एका पाळीच्या वहीत आणि दूध उतरवून घेतल्याची नोंद दुसऱ्या पाळीच्या वहीत, असे अनेकदा घडते. यात कोणा एकाची हयगय नाही. वेळाच तशा जुळलेल्या आहेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या रात्री 1 वाजता सुटत असल्याने या अर्ध्या-पाऊण तासाच्या खोळंब्याचा ताण पुढे पाउच पॅकिंग आणि डिस्पॅचवर येतो. टँकर येण्यापूर्वी रात्रपाळी कामावर रुजू झालेली असावी, एवढ्याच हेतूने सर्व पाळ्या एक तास अलीकडे आणल्या आहेत.

नव्या वेळा अशा राहतील :

पहिली पाळी : सकाळी 6 ते दुपारी 2
दुसरी पाळी : दुपारी 2 ते रात्री 10
रात्रपाळी : रात्री 10 ते सकाळी 6
मधली पाळी (कप पॅकिंग, भांडार, कार्यालय) : सकाळी 9 ते सायंकाळी 5:30

प्रत्येक पाळीत अर्ध्या तासाची विश्रांती पूर्वीप्रमाणेच राहील आणि साप्ताहिक सुट्टीचा ज्याचा जो वार आहे, तो बदलणार नाही. महिला कर्मचाऱ्यांना पूर्वीप्रमाणेच फक्त पहिली किंवा मधली पाळी देण्यात येईल. सकाळी 6 वाजता पोहोचणे ज्यांना लहान मुलांमुळे किंवा घरातील आजारपणामुळे खरोखरच अवघड आहे, त्यांनी पॅकिंग विभागाच्या सुपरवायझरना तसे सांगितल्यास मधल्या पाळीतील जागांसाठी त्यांचा विचार आधी केला जाईल. त्यासाठी दाखला आणण्याची गरज नाही. कामगार बस पहिल्या पाळीसाठी कराड बसस्थानकासमोरून पहाटे 5:20 वाजता सुटेल आणि दुसरी पाळी सुटल्यावर रात्री 10:20 वाजता केंद्रातून परत निघेल. कँटीनमध्ये पहाटे 5:40 पासून चहा मिळेल.

पाळी दर आठवड्याला बदलत असल्याने झोपेची घडी बसत नाही, अशी तक्रार विशेषतः बॉयलर आणि शीतगृह विभागांतून आली होती. त्यामुळे यापुढे पाळी पंधरा दिवसांनी, सोमवारी बदलेल. अ गट दि. 18 ऑगस्ट रोजी पहिल्या पाळीने, ब गट दुसऱ्या पाळीने आणि क गट रात्रपाळीने सुरुवात करील आणि पुढे पहिली, दुसरी, रात्र असा क्रम चालेल. हा क्रम तसाच पुढे नेल्यास ब गटाला अनंत चतुर्दशीच्या आणि दिवाळीच्या अशा दोन्ही पंधरवड्यांत रात्रपाळी येते. ते योग्य नसल्याने दि. 13 ते 26 ऑक्टोबर या पंधरवड्यापुरती अ आणि ब या गटांची अदलाबदल केली आहे, म्हणजे त्या काळात अ गट रात्रपाळीला आणि ब गट दुसऱ्या पाळीला असेल. दि. 27 ऑक्टोबरपासूनचे पाळीपत्रक दिवाळीपूर्वी लावले जाईल.

आता रजेविषयी. सण कोणताही असला तरी गाई-म्हशींचे दूध थांबत नाही. उलट गणपतीत मोदकांचा खवा, दसऱ्याला श्रीखंड, कोजागरीला दूध आणि दिवाळीत तूप यांची मागणी वाढलेली असते, आणि नेमकी त्याच दिवसांत आपल्यापैकी प्रत्येकाला घरी असावेसे वाटते. ही इच्छा रास्त आहे. म्हणून रजा नाकारण्याचे नियम न करता, रजा कोणाला आणि कोणत्या क्रमाने मिळेल हे सर्वांना आधीच माहीत असावे, अशी रचना केली आहे.

आजवर ज्याचा अर्ज आधी येईल त्याची रजा आधी मंजूर होत असे. रात्रपाळीत असलेल्यांना आणि साप्ताहिक सुट्टीवर असलेल्यांना या पद्धतीत फारसा वाव राहत नव्हता. यंदापासून अर्ज कोणत्या दिवशी दिला याला महत्त्व राहणार नाही, मात्र तो मुदतीत आलेला असावा. प्रत्येकाने गणेशोत्सव व गौरी, नवरात्र व दसरा, दिवाळी यांपैकी एक सण पहिल्या पसंतीचा आणि एक दुसऱ्या पसंतीचा म्हणून कळवावा. ईद-ए-मिलाद, छठपूजा किंवा अन्य कोणताही सण ज्यांच्या घरी महत्त्वाचा आहे, त्यांनी तो पसंतीत लिहावा. त्याला तेवढाच मान राहील. एका विभागातील पाचात एक याहून अधिक कर्मचारी एका वेळी रजेवर नसतील. मागणी त्याहून जास्त झाल्यास 2024 च्या हजेरीपटानुसार गेल्या वर्षी त्याच सणाला कामावर असलेल्यांना पहिला हक्क राहील. तरीही बरोबरी झाली, तर संघटनेच्या प्रतिनिधीसमोर चिठ्ठी टाकली जाईल.

याला दोन अपवाद आहेत. लग्नानंतरचा पहिला सण, मग तो कोकणात सासर असलेल्या नवविवाहितेचा गौरीचा ओवसा असो किंवा जावयाचा पहिला दिवाळसण, तसेच घरातील मृत्यूनंतरचा पहिला सण, यांसाठीची रजा क्रम न पाहता दिली जाईल. दुसरा अपवाद परवानाधारक बॉयलर अटेंडंट, अमोनिया प्लांटचे ऑपरेटर आणि प्रयोगशाळेतील केमिस्ट यांचा आहे. यांच्या जागी दुसऱ्या विभागातील माणूस उभा करता येत नाही, त्यामुळे या तिन्ही ठिकाणी एका वेळी एकालाच रजा मिळेल. त्या बदल्यात या कर्मचाऱ्यांना सण संपल्यानंतरच्या पंधरवड्यात सलग चार दिवसांची हक्काची रजा मागितल्यास ती अग्रक्रमाने दिली जाईल.

सणाची रजा सलग तीन दिवसांपर्यंत मिळेल आणि साप्ताहिक सुट्टी तिला जोडून घेता येईल. चिपळूण, गुहागर, खेड या बाजूचे आपले अनेक सहकारी आहेत. चतुर्थीच्या आधी कुंभार्ली घाटातील वाहतुकीची अवस्था सर्वांना ठाऊक आहे, म्हणून गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांना आणि छठपूजेसाठी परराज्यात जाणाऱ्यांना ही मर्यादा पाच दिवसांची राहील. गौरीपूजनाच्या दिवशी, सोमवार, दि. 1 सप्टेंबर रोजी, कप पॅकिंगचे काम पूर्ण बंद ठेवून त्या विभागातील सर्व महिलांना सुट्टी देण्यात येत आहे. तो दिवस रजेतून वजा होणार नाही. पाउच पॅकिंग बंद ठेवणे शक्य नाही. तेथील महिलांना त्या दिवशी दुपारी 12 वाजता सोडण्यात येईल.

यंदा दसरा आणि गांधी जयंती गुरुवार, दि. 2 ऑक्टोबर या एकाच दिवशी येत असल्याने पगारी सुट्ट्यांपैकी एक कमी होत होती. तिच्याऐवजी भाऊबीजेची, म्हणजे गुरुवार, दि. 23 ऑक्टोबरची सुट्टी देण्याचे संघटनेशी झालेल्या चर्चेत ठरले आहे. त्यामुळे दि. 27 ऑगस्ट (गणेश चतुर्थी), 2 ऑक्टोबर (दसरा), 21 ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन), 22 ऑक्टोबर (पाडवा) आणि 23 ऑक्टोबर (भाऊबीज) या पगारी सुट्ट्या राहतील. या दिवशी ज्यांना कामावर यावे लागेल त्यांना दुप्पट वेतन आणि शिवाय एक बदली सुट्टी मिळेल. ही बदली सुट्टी दि. 31 डिसेंबरपूर्वी घ्यावी. कामाच्या गरजेमुळे ती राहून गेल्यास पुढील महिन्यात देण्याची जबाबदारी विभागप्रमुखांची राहील.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाउच पॅकिंग सायंकाळी 6 वाजेपर्यंत आटोपण्याचे नियोजन आहे. त्यानंतर रात्री 10 पर्यंत फक्त दूध स्वीकृती, शीतगृह, बॉयलर आणि सुरक्षा एवढेच विभाग चालू राहतील. दुसऱ्या पाळीतील इतर सर्वांना 6 वाजता पूर्ण पाळीची हजेरी देऊन घरी सोडले जाईल. अनंत चतुर्दशीला, शनिवार, दि. 6 सप्टेंबर रोजी, पुण्यातील मिरवणुकीमुळे मध्यवर्ती पेठांतील रस्ते बंद असतात. त्यामुळे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याच्या गाड्या रात्री 1 ऐवजी आदल्या रात्री 11 वाजता सुटतील. डिस्पॅच विभागाने आणि चालकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

रजेचे अर्ज टाइम ऑफिसमध्ये मिळतील. गणेशोत्सव, गौरी आणि ईदसाठी दि. 8 ऑगस्टपर्यंत, नवरात्र-दसऱ्यासाठी दि. 3 सप्टेंबरपर्यंत आणि दिवाळी व छठपूजेसाठी दि. 26 सप्टेंबरपर्यंत अर्ज द्यावेत. मंजूर रजांची यादी मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी फलकावर लागेल. ज्यांची रजा मंजूर झाली नसेल, त्यांना विभागप्रमुख यादी लागण्यापूर्वी समक्ष भेटून कारण सांगतील. आपले नाव वगळल्याचे कोणालाही फलकावर वाचून कळू नये, अशी अपेक्षा आहे.

परस्पर संमतीने पाळी बदलून घेण्यास हरकत नाही. दोघांच्या सह्यांची चिठ्ठी किमान 24 तास आधी सुपरवायझरकडे द्यावी. मात्र सलग दोन पाळ्या कोणालाही करता येणार नाहीत, मग संबंधिताची कितीही तयारी असो. अमोनिया आणि वाफेच्या सान्निध्यात झोप अनावर झालेला माणूस स्वतःला आणि इतरांनाही धोक्यात घालतो.

सणाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी आजारपणामुळे येता आले नाही, तर पाळी सुरू होण्यापूर्वी फोन करावा आणि कामावर परतताना ईएसआय दवाखान्याचे किंवा नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणावे. यामागे अविश्वास नाही. ऐन वेळी रिकाम्या राहिलेल्या जागेवर रजेवरील सहकाऱ्याला घरून बोलवावे लागते, आणि त्याच्यापुढे कारण स्पष्ट असावे एवढेच अपेक्षित आहे. न कळवता गैरहजर राहिल्यास त्या दिवसाचे वेतन मिळणार नाही आणि पुढील वर्षी त्या सणाच्या रजेचा पहिला हक्क राहणार नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यांना वरील सर्व नियम तसेच लागू असून त्यांच्या सुट्ट्यांची आणि दुप्पट वेतनाची पूर्तता कंत्राटदाराने केली आहे की नाही, हे टाइम ऑफिस दरमहा तपासेल.

नव्या वेळांविषयी किंवा रजेच्या क्रमाविषयी शंका असल्यास सोमवार, दि. 28 जुलै ते शनिवार, दि. 2 ऑगस्ट या काळात प्रशासन विभागाचे अधिकारी रोज दुपारी 1:30 ते 3:30 या वेळेत कँटीनमध्ये उपलब्ध असतील. दोन्ही पाळ्यांतील लोकांना भेटता यावे म्हणून ही वेळ ठेवली आहे. रात्रपाळीतील कर्मचाऱ्यांसाठी दि. 30 जुलै रोजी रात्री 11:15 वाजता स्वतंत्र बैठक होईल.

महाव्यवस्थापक (प्रशासन)
दूध प्रक्रिया केंद्र, कराड

प्रत : अध्यक्ष व सरचिटणीस, कामगार संघटना, सर्व विभागप्रमुख व सुपरवायझर, टाइम ऑफिस, कामगार कंत्राटदार, सुरक्षा विभाग, सूचना फलक (मुख्य दरवाजा, कँटीन, पॅकिंग हॉल)