विषय : चालू स्प्रिंटमधून बाजूला होण्याबाबत आणि कामाच्या हस्तांतरणाबाबत

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

निखिल सर,

आज सकाळच्या स्टँडअपमध्येच हे सांगायचे मी ठरवले होते. पण माझी पाळी आली तेव्हा ‘रिट्रायचे काम चालू आहे, अडथळा काही नाही’ एवढे बोलून मी मोकळी झाले. ते खरे नव्हते. मी अतिशय थकले आहे आणि सोमवारी सुरू झालेल्या या स्प्रिंटमधून मला उद्यापासून बाजूला व्हावे लागेल. समोरासमोर बोलताना मी पुन्हा ‘जमेल, जमेल’ म्हणेन अशी मला भीती वाटते, म्हणून लिहून कळवते आहे.

नुसते थकल्यासारखे वाटते आहे म्हणून हे लिहिले नसते. मंगळवारी प्रणवच्या कोडला मी रिव्ह्यूमध्ये मान्यता दिली. परताव्याची विनंती पुन्हा पाठवताना ती आधी पूर्ण झाली आहे का, ही तपासणी त्यात राहून गेली होती. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला असता तर एकाच ग्राहकाच्या खात्यात दोनदा पैसे गेले असते. टेस्टिंगमध्ये फरहानने ते पकडले म्हणून निभावले. चूक प्रणवची नाही. असे पकडण्यासाठीच रिव्ह्यू असतो, आणि ती तपासणी असलीच पाहिजे असा नियम आपल्या टीममध्ये मीच घालून दिलेला आहे. खरे सांगायचे तर तो कोड मी वाचलाच नव्हता. डोळे ओळींवरून फिरत होते, अर्थ मात्र पोहोचत नव्हता. त्याच संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना चांदणी चौक कधी मागे पडला ते मला कळले नाही आणि कोथरूडऐवजी मी थेट वारज्याला पोहोचले. त्या रात्री मी ठरवले, की हे आता आठवडाभराच्या झोपेने भरून निघणारे नाही.

आपले काम कोणत्या प्रकारचे आहे हे आपणास मी सांगायला नको, तरी माझा निर्णय त्यावरच उभा आहे म्हणून लिहिते. यूपीआयने पाठवलेले पैसे एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ते फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत जावे लागतात आणि पुढच्या विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. एखाद्या स्क्रीनवरचे बटण चुकीच्या जागी दिसले तर पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त करता येते. रिकन्सिलिएशनमधली चूक मात्र कुणाच्या तरी पगाराच्या किंवा औषधांच्या पैशात उमटते. अशा कामावर आज माझा हात असणे मला सुरक्षित वाटत नाही.

हे इथवर कसे आले त्यात माझाही वाटा आहे. डिसेंबरमध्ये ऑन-कॉलची यादी कोलमडली तेव्हा लागोपाठ तीन आठवडे मी घेतले. आपण विचारले होते, आणि मी हो म्हटले होते. त्यानंतरच्या डेटा मायग्रेशनमध्ये रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल, पहाटे दोनला येणारा अलर्ट आणि सकाळी दहाला स्टँडअप हा क्रम इतका अंगवळणी पडला, की अलर्ट नसतानाही मला दोन वाजता जाग येऊ लागली. ती अजूनही येते. काल आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवले. रक्तदाब वाढलेला आहे आणि त्यांनी किमान दहा दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आहे. त्यांची चिठ्ठी वैद्यकीय रजेच्या अर्जासोबत मी एचआर पोर्टलवर जोडली असून १३ ते २२ फेब्रुवारी ही रजा आपण मंजूर करावी, अशी विनंती आहे.

माझ्याकडच्या एकवीस पॉइंटांपैकी सेटलमेंट फाइल वाचण्याचे पाच पॉइंटांचे काम पूर्ण झाले आहे आणि फरहानच्या चाचणीनंतर ते मर्ज करता येईल. आठ पॉइंटांचे रिट्रायचे काम साधारण निम्मे झाले असून ते `feature/recon-retry` या ब्रँचवर आहे. `recon_retry_enabled` हा फ्लॅग मी प्रॉडक्शनमध्ये `false` ठेवला आहे आणि तो तसाच राहावा, असा माझा आग्रह आहे; वरकरणी ते चालताना दिसते, पण बँकेचे उत्तर अर्धवट आले तर काय करायचे हा भाग अजून लिहिलेलाच नाही. उरलेल्या आठ पॉइंटांच्या अहवालाच्या स्क्रीनला मी हात लावलेला नाही.

हे सोळा पॉइंट प्रणवकडे सरकवू नयेत. तो नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मीही म्हटले नव्हते. त्यापेक्षा रिट्राय आणि अहवाल ही दोन्ही कामे या स्प्रिंटमधून काढून बॅकलॉगमध्ये ठेवावीत आणि क्लायंटला आजच तसे कळवावे. मार्चअखेरीच्या गर्दीपूर्वी रिट्राय हवे, ही त्यांची निकड मी समजू शकते. पण अर्धवट रिट्राय चालू करण्यापेक्षा आज जसे अडकलेले व्यवहार हाताने तपासून सोडवले जातात तसेच आणखी तीन आठवडे चालणे मला कमी धोक्याचे वाटते. १९ तारखेला शिवजयंतीच्या सुटीच्या दिवशी ऑन-कॉलवर माझे नाव आहे. त्या दिवसासाठी फरहानशी बोलले आहे आणि तो तयार आहे. मात्र त्याला त्याबदल्यात सोमवारी पूर्ण दिवस सुटी मिळावी, नुसते ‘नंतर बघू’ नको.

रजेच्या काळात मी लॅपटॉप उघडणार नाही आणि ऑफिसचे चॅट फोनवरून काढून टाकणार आहे. रिट्रायबाबत खरोखरच अडले तर आपण स्वतः मला फोन करावा. इतरांनी थेट करू नये, एवढे टीमला सांगावे. टीमला कारण सांगताना ‘तब्येतीमुळे रजेवर’ एवढे पुरेसे आहे. प्रणव आणि फरहान यांना खरे काय ते मी स्वतः सांगेन, कारण मंगळवारच्या रिव्ह्यूबद्दल प्रणवची माफी मागायची राहिली आहे.

२३ फेब्रुवारीला मी परत येईन. तेव्हाच्या स्प्रिंटमध्ये मला दहापेक्षा जास्त पॉइंट देऊ नयेत आणि मार्चअखेरपर्यंत रात्रीच्या ऑन-कॉलवर ठेवू नये, असे मला वाटते. हे आपणास अडचणीचे ठरेल याची कल्पना आहे, आणि त्यात काही फेरफार करायचा असेल तर परतल्यावर बोलायची माझी तयारी आहे. रजेच्या तारखांबाबत मात्र मला तडजोड करता येणार नाही.

आज दुपारी चार वाजता अर्ध्या तासाची हस्तांतरणाची मीटिंग मी लावली आहे. ब्रँचमधल्या उरलेल्या कामांची नोंद `HANDOVER.md` मध्ये लिहून ठेवते आहे आणि मीटिंगपूर्वी ती पूर्ण करते. आपण त्या मीटिंगला पहिली दहा मिनिटे जरी आलात, तरी कोणते काम स्प्रिंटमधून काढायचे हे सर्वांसमोर ठरेल आणि ते ठरवण्याचे ओझे प्रणववर पडणार नाही.

आपली,
अनघा