सोयाबीन उगवलं नाही: आपल्या तक्रारीला दुकानाचं जाहीर उत्तर

नमस्कार दादा,

काल रात्री, २५ जूनला, तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. एमएयूएस ७१ च्या ३० किलोच्या चार बॅगा, चार एकर पेरणी, आणि दहाव्या दिवशीही तासात निम्मी जागा मोकळी. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं असा सगळा पैसा मातीत गेलेला असताना राग येणारच. तुमच्या शब्दांबद्दल आमची काही तक्रार नाही.

दोन गोष्टी आमच्या चुकल्या. बिलावर लॉट नंबर लिहिलेला नव्हता. तो लिहिणं आमच्यावर बंधनकारक आहे, आणि नेमक्या अशा वेळी तोच लागतो. दुसरं, तुम्ही दुकानात आलात तेव्हा काउंटरवरून 'कंपनीला विचारा' असं उत्तर मिळालं. बियाणं आम्ही विकलं, तेव्हा पहिली विचारपूस आमच्याकडेच व्हायला हवी. या दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्या विक्री नोंदीत तुमच्या चारही बॅगांचा लॉट एकच आहे, शेवटचे आकडे ४१७. आज दुरुस्त बिल तयार करून ठेवलं आहे.

बियाणं बोगस होतं का, याचं उत्तर आज आम्ही 'हो' किंवा 'नाही' असं देणार नाही. जूनच्या सुरुवातीला याच लॉटची एक बॅग फोडून ओल्या गोणपाटात १०० दाणे लावले होते, त्यातले ७४ उगवले. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. पण ती बॅग वेगळी होती, त्यामुळे त्या आकड्यावर तुमची तक्रार मोडीत काढणं बरोबर नाही. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. बॅग आपटली, उन्हात राहिली किंवा थप्पीत खाली दबली तरी उगवण घटते, आणि हे आमच्या गोदामातही झालेलं असू शकतं.

म्हणून या लॉटच्या उरलेल्या ११ सीलबंद बॅगांची विक्री आज सकाळपासून थांबवली आहे. बियाणे निरीक्षकांनी त्यातून नमुना घ्यावा असा अर्ज कृषी विभागाकडे दिला आहे. फोडलेल्या बॅगेतले शंभर-शंभर दाणे चार गोणपाटांत आज पुन्हा लावले. पाचव्या आणि आठव्या दिवशी मोजणी होईल, आकडे जसे येतील तसे इथेच टाकू.

एक कळकळीची विनंती: पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका. पाळी घातली की पुरावा गेला. रिकाम्या बॅगा, त्यावरचे टॅग आणि उरलेले मूठभर दाणे असतील तर जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. अर्जाला जोडायला आमचं दुरुस्त बिल चालेल.

२८ जूनला सकाळी आठ वाजता आम्ही तुमच्या रानात येतो, तुम्हाला चालत असेल तर. पाच ठिकाणी एकेक मीटर तास उकरून पाहू. ४५ सेंटिमीटरच्या तासात एकरी ३० किलो पडलं असेल तर मीटरला २५ ते २८ दाणे येतात, म्हणजे १८ ते २० रोपं दिसायला हवीत. दहा-बाराच दिसली तर निम्मंही उगवलं नाही हे उघड आहे. मग न उगवलेला दाणा काय सांगतो ते बघायचं. दाणा मऊ पडून सडलाय, की कोंब फुटून पावसानंतरच्या पापडीखाली वाकलाय? पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेलाय का? वाणी किड्याने कोंब खाल्लाय का? की दाणाच सापडत नाही, म्हणजे चाड्यातून पडलाच नाही? जे दिसेल ते तुमच्यासमोर लिहू, फोटो काढू आणि त्याची प्रत तुमच्याकडे देऊ. निष्कर्ष मात्र समितीचाच धरू.

समितीने बियाण्यात दोष सांगितला, तर कंपनीकडून पैसे येण्याची वाट न बघता चारही बॅगांची पूर्ण किंमत आम्ही आठ दिवसांत परत करू. बाकीच्या नुकसानीसाठी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा तुमचा हक्क त्याने कमी होत नाही. तसं कुठल्याही कागदावर लिहून घेणार नाही. हा अभिप्राय काढा असंही म्हणणार नाही.

दुबार पेरणीसाठी १५ जुलैपर्यंत वेळ आहे, म्हणून पंचनाम्याची घाई आपण दोघांनीही करू. नुसते नांगे भरायचे की पूर्ण रान पुन्हा पेरायचं, हे रोपांची मोजणी झाल्यावर ठरवता येईल.

गाव, गट नंबर, फोन इथे लिहू नका. बिलावर छापलेल्या नंबरावर कळवा. दुकान बंद झाल्यावरही रात्री नऊपर्यंत तो फोन मालक स्वतः उचलतील.

याच लॉटचं बियाणं नेलेल्या इतर शेतकऱ्यांनी टॅगवरचे शेवटचे आकडे बघावेत. ४१७ असतील आणि अजून पेरणी झाली नसेल, तर बॅग न फोडता परत आणा, पैसे लगेच मिळतील. पेरणी झाली असेल तर मीटरमधली रोपं मोजून आम्हाला आकडा सांगा.

दुकानाचे मालक आणि कर्मचारी
मोंढा, वसमत
२६ जून